सेहेचाळिसावा दिवस

माझा स्वभाव मुळातच तडतड्या. चुलीवर दूध ठेवलं तर मी त्याच्यासमोर उभी राहते आणि तरीही ते उतू जातं, कारण तेवढ्यात मला दुसरं काहीतरी आठवतं. आमचे हे बरोबर उलटे. कुरुंद्याला रस्त्याच्या कडेला आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. तिथं दिवसभर ठिणग्या उडायच्या, पण यांच्या तोंडून कधी एक ठिणगी पडली नाही. सगळा गाव यांना मिस्त्री म्हणायचा. वखर, डवरे, पेरणीच्या लोखंडी तिफणी, असा बैलाच्या शेतीचा सगळा माल आम्ही बनवायचो. माल यांचा आणि कागद माझे, अशी आमची वाटणी होती. बारावी कॉमर्स झालेली बायको घरात आहे म्हटल्यावर मुनीम कशाला ठेवायचा?

जवळा बाजारला शेती अवजारांचं एक मोठं दुकान होतं. आमचा निम्मा माल तिथं जायचा. त्या दुकानदाराला आम्ही भाऊजी म्हणायचो, म्हणजे मी म्हणायची. हे नुसतं भाऊ म्हणायचे. यांना पहिली ऑर्डर त्यांनीच दिली होती, तेव्हा आमच्याकडे धड वेल्डिंग मशीनसुद्धा नव्हतं. आमच्या मुलीच्या बारशाला ते साडी घेऊन आले होते. "वहिनी, चहा टाका," असं दारातूनच ओरडत यायचे. माणूस वाईट नव्हता हो. पण पैसे द्यायची वेळ आली की त्यांच्या गळ्यात दगड अडकायचा.

"शेतकऱ्याचे आले की देतो," हे त्यांचं ठरलेलं. शेतकरी पेरणीला माल न्यायचा आणि सोयाबीन, कापूस विकल्यावर पैसे द्यायचा. दुकानदार त्यानंतर आम्हाला द्यायचा. आमचा लोखंडवाला मात्र कोणाची वाट बघत नव्हता, त्याला रोख लागायचे. दोन हंगामांच्या मधल्या खड्ड्यात आम्हीच पडायचो, दर वर्षी.

त्यात यांनी बँकेचं कर्ज काढून जुनी लेथ घेतली, लोखंड कातायचं मशीन. तिफणीच्या चाकाचे बुश, पिना, सगळं तोपर्यंत बाहेरून करून आणावं लागायचं. लेथ आली त्या दिवशी यांनी तिला हळदी-कुंकू लावलं आणि पोरासारखा तिच्यावरून हात फिरवला. मी म्हणाले, "आवो, माझ्यावरून कधी असा हात फिरवला न्हाई." हे हसले. तेव्हा हसू आलं. पण पहिले हप्ते थकले तेव्हा बँकेनं वरचं व्याज लावलं, तेही न विचारता, न रागावता, एका ओळीत. मी तो कागद हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. बँक आपल्याला उशिराचं व्याज लावते, मग आपण काहून लावत नाही? आपले पैसे काय रस्त्यावर पडलेत?

तिथल्या तिथं मी कलम लिहून काढलं. "रक्कम उशिरा दिल्यास दरमहा पाच टक्के दंडव्याज, चक्रवाढ पद्धतीने, कोणतीही सबब न ऐकता." फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन वसमतला गेले. तिथं आमच्या माहेरकडचे एक वकील होते, वयानं मोठे, मी त्यांना काका म्हणायची. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, "पोरी, तुला पैसे पाहिजेत का सूड?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मग दोन्ही जातील." त्यांनी माझ्या ओळीवर काट मारली. कोर्ट असल्या पाच टक्क्याला दंड समजतं आणि कमी करून टाकतं, असं ते म्हणाले. बँक तुला काय लावते ते बघ, त्याच्या आसपास राहा, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. वर्षाला अठरा पुरे. आणि राग कितीही आला तरी कलमात चार गोष्टी स्वच्छ पाहिजेत. व्याज कोणत्या दिवसापासून, कोणत्या रकमेवर, कोणत्या दरानं, आणि मधे थोडेफार पैसे आले तर ते आधी कशात जमा करायचे. यातली एक जरी सुटली तरी समोरचा त्याच भोकातून निसटतो.

शेवटी आमच्या बिलबुकावर खाली छापलं ते असं: "बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास, ४६ व्या दिवसापासून रक्कम मिळेपर्यंत, थकीत मुद्दलावर द.सा.द.शे. १८ दराने सरळ व्याज दिवसांवर मोजून आकारले जाईल. मधे आलेली रक्कम, देणाऱ्याने देताना वेगळे सांगितले नसल्यास, आधी व्याजात व नंतर मुद्दलात जमा होईल."

"देणाऱ्याने वेगळे सांगितले नसल्यास, हे कशाला?" मी चिडून विचारलं. "आमचे पैसे, आमी ठरवू."

"देताना तो म्हणाला की हे मुद्दलाचे, तर मुद्दलातच धरावे लागतात. कायदा तसा आहे. घेणाऱ्याची मर्जी चालते ती तो काही बोलला नसेल तेव्हा." काकांनी आणखी एक बजावलं. नुसत्या बिलावर छापून भागत नाही. बिल मालाबरोबर जातं, तेव्हा दुकानदार म्हणेल मला आधी कुठं सांगितलं होतं? म्हणून हेच कलम दरपत्रकावरही घाल, आणि माल बनवायच्या आधी त्यावर सही घे.

मी घेतली. भाऊजींनी चोवीस तिफणींची ऑर्डर दिली तेव्हा दरपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि मोठ्यांदा हसले. "वहिनी, आता आमालाच व्याज लावता? लावा बाई, लावा." आणि झोकात सही ठोकली. परत येताना जीपमध्ये मी यांना म्हणाले, "बघितलं? कागद नीट असला की माणूस नीट वागतो." हे खिडकीबाहेर बघत होते. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

माल वीस मेला गेला. अठ्ठेचाळीस हजारांचं बिल. जुलैच्या चार तारखेला पंचेचाळीस दिवस भरले आणि पाच तारखेपासून माझ्या डोक्यात मीटर सुरू झालं. अठ्ठेचाळीस हजारांचं अठरा टक्क्यांनी वर्षाचं व्याज आठ हजार सहाशे चाळीस, त्याला तीनशे पासष्टनं भागलं की दिवसाला तेवीस रुपये सदुसष्ट पैसे. पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी मनात तेवीस-सदुसष्ट मिळवत राहायची. हे म्हणायचे, "अगं, काय पुटपुटून राहिली?" मी म्हणायची, "जप करून राहिले."

दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेला, हे जवळ्याहून पंधरा हजार घेऊन आले. मी विचारलं, "काही म्हणाले?" हे म्हणाले, "देतो म्हणले बाकीचे." बस्स. मी नियमाप्रमाणे आधी व्याज वळतं केलं.

बाकीचे काही आले नाहीत. संक्रांत गेली. बँकेचा साहेब घरी आला आणि ओट्यावर बसून, पाणी पिऊन, फार गोड बोलला. मार्चअखेर थकलेले अडतीस हजार भरा, नाहीतर वरून हुकूम आहे, लेथ उचलावी लागेल. तो गेल्यावर हे वर्कशॉपमध्ये गेले आणि लेथला तेल घालत बसले, जिला सकाळीच तेल घातलं होतं.  व्याज सोडून दिलं तर भाऊजींकडे तेहतीस हजार राहत होते. तेवढ्यानं लेथ वाचत नव्हती. व्याजासकट आले तरच वाचत होती. आम्ही आणखी कोणाकडे हात पसरणार होतो? लोखंडवाल्याचं आधीच देणं होतं आणि माझ्या अंगावर मंगळसूत्राशिवाय काही उरलं नव्हतं.

वीस मार्चला आम्ही दोघं जवळा बाजारला गेलो. मी हिशोबाचा कागद तीनदा लिहून पाहिला होता. जीपमध्ये एका जागी बसवेना, शेजारची बाई शेवटी म्हणाली, "माय, उतरायचं हाय का तुमाला?"

दुकानात भाऊजी एकटेच होते. "या वहिनी, या मिस्त्री." मी बसलेच नाही. उभ्या उभ्या वाचून दाखवलं. पाच जुलै ते एकतीस ऑक्टोबर, एकशे एकोणीस दिवस, अठ्ठेचाळीस हजारांवर व्याज दोन हजार आठशे सतरा. पंधरा हजारांतून ते वजा. उरलेले मुद्दलात. मग पस्तीस हजार आठशे सतरावर आजपर्यंत एकशे चाळीस दिवसांचं दोन हजार चारशे त्र्याहत्तर. एकूण अडतीस हजार दोनशे नव्वद.

भाऊजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिवाळीचे पंधरा हजार मी मुद्दलात दिले होते. मिस्त्रीला बोललो होतो तसं."

"काही बोलला नव्हता," मी म्हणाले. यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

"राहू द्या," भाऊजी म्हणाले. "व्याजच मोजायचं तर बराबर मोजा. कोणत्या तारखेपासून म्हणता?" त्यांनी गल्ल्यामागच्या फायलीतून आमचं बिल काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. माल बरोबर, रक्कम बरोबर, खाली माझं कलम सुबक छापलेलं. आणि तारखेची जागा कोरी.

 आमच्याकडच्या कार्बन कॉपीवरही तारीख उमटली नव्हती. कार्बन जुना झाला असेल असं समजून मीच नंतर बॉलपेननं वीस मे टाकली होती. आता कळलं की उमटायला वर काही लिहिलेलंच नव्हतं. बिलबुक टेम्पोबरोबर हे घेऊन जायचे, कारण माल मोजून द्यायचा असायचा. आणि बिलावर तारीख न टाकणं ही या धंद्यातली जुनी रीत होती, दुकानदार आपल्या सोयीनं खरेदी लिहितो म्हणून. लहान माणसानं मोठ्या गिऱ्हाइकाला दिलेला मान होता तो. भाऊजींनी कधी मागितलाही नसेल. यांनी वर्षानुवर्षं दिला होता, आणि मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"तुमच्या कलमात बिलाच्या तारखेपासून लिवलंय," भाऊजी म्हणाले. "तारीखच न्हाई. मग दिवस कुठून मोजता? आज टाकू का तारीख? आजपासून पंचेचाळीस दिवस, मग बघू."

आजपासून पंचेचाळीस दिवस म्हणजे मे महिना. तोवर लेथ बँकेच्या गोदामात गेली असती. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "टाका की आजची! मग मृगात विकलेल्या आमच्या तिफणी तुमी आणल्या कुठून? शेतकऱ्याला दिलेली तुमची बिलं हायत ना जूनची? खरेदी मार्चमधे आणि विक्री आदल्या जूनमधे, हे विचारणारे विक्रीकराचे लोक हिंगोलीला बसलेत. आता तर जिल्हाच झालाय, लांब जायचं काम न्हाई."

बोलून गेले आणि वाटलं, जिंकले. भाऊजींचा चेहरा बघितला आणि कळलं की घालवलं. ते लाल झाले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त हसू पुसून गेलं.

"धमकी देता वहिनी? माझ्या दुकानात उभं राहून?" त्यांनी खिशातून पेन काढलं. "मग आजचीच टाकतो. जा, कोणाला सांगायचं त्याला सांगा."

पेन कागदावर टेकायला आलं होतं. 

"थांबा भाऊ," हे म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदा. "पंधरा हजार देताना तुमी म्हणला होता. मुद्दलात धरा म्हणून. व्हय, म्हणला होता. माझ्या ध्यानात हाय. हिला मी सांगितलं न्हाई, हिची चूक न्हाई." आणि म्हणाले, "तारखेचं तुमचं तुमी बघा. मी काही टाकली नव्हती, तर मला बोलायला तोंड न्हाई."

मला रडूच आलं, रागानं. अरे देवा, हा माणूस आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय! आयुष्यभर गप्प बसला आणि तोंड उघडलं ते समोरच्याच्या बाजूनं! तिथंच यांना गदागदा हलवावं असं वाटलं.

भाऊजींनी मान वर करून यांच्याकडे बघितलं. पेन हातातच होतं. मग म्हणाले, "आमच्या भाचीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माल आला होता ना? तुमी लाडू खाऊन गेला होता."

"खाऊन गेलो होतो," हे म्हणाले. "चार."

"लग्न एकोणीसला होतं." आणि त्यांनी बिलावर, तारखेच्या जागी, स्वतःच्या अक्षरात वीस मे लिहिलं, वर्षासकट. कागद माझ्याकडे सरकवला. "करा हिशोब. मुद्दलातून."

 अठ्ठेचाळीसमधून पंधरा गेले, तेहतीस हजार. त्यावर एकशे चाळीस दिवसांचं दोन हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर. आधीचं दोन हजार आठशे सतरा तसंच उभं. व्याजावर व्याज नाही, कलमातच सरळ व्याज लिहिलं होतं. एकूण अडतीस हजार पंच्याण्णव. यांच्या खरेपणानं आमचे एकशे पंच्याण्णव रुपये गेले होते. मी आकडा वाचला. भाऊजींनी गल्ला उघडला, कमी पडले तेवढे आतून आणले, दोनदा मोजले आणि माझ्या हातात ठेवले. यांच्या हातात नाही, माझ्या.

"मोजून घ्या मॅडम," ते म्हणाले.

मी मोजले. पावती लिहिली, व्याज वेगळं आणि मुद्दल वेगळं, आणि तारीख टाकली. ऊन तापलं होतं. त्या दुकानात आम्ही कधी चहा न घेता उठलो नव्हतो. त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

स्टँडवर जीपची वाट बघताना मी यांना काय काय म्हणायचं ठरवलं होतं.  हे म्हणाले, "बँकेचे अडतीस गेले की पंच्याण्णव उरतात. चल, चहा घेऊ." आम्ही टपरीवर चहा घेतला, कडक, जास्त साखरेचा. दोन बिस्किटंही घेतली.

लेथ राहिली. अजून फिरते, आता पोरगा चालवतो. बिलावरची तारीख त्यानंतर हे स्वतः टाकायला लागले, तेलकट हातानं, आणि प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात यांचा काळा अंगठा उमटू लागला. आणि भाऊजींनी माल घेणं काही बंद केलं नाही, हे सांगितलं पाहिजे. दर हंगामाला ऑर्डर यायची. पैसे चव्वेचाळिसाव्या दिवशी यायचे, पुढं एकदाही चुकले नाहीत. सेहेचाळिसावा दिवस त्यांनी मला पुन्हा कधी बघू दिला नाही. कलम असं चाललं की काकासुद्धा चकित झाले.

आमच्या मुलीच्या लग्नाला ते आले होते, सगळ्या घरादारासकट. आहेर भारी केला. यांना मिठी मारली, "मिस्त्री, पोरगी गेली की हो आपली," म्हणून डोळे पुसले. मी पुढं झाले, म्हणाले, "भाऊजी, चहा टाकू का?" त्यांनी हात जोडले.

"नको मॅडम," ते म्हणाले, "आत्ताच झाला."